व्यासाचा वर्ग, भागिले एकशे बासष्ट

गाडी सकाळी साडेसातला आली. कराडजवळच्या आमच्या गावात घराचं काम चाललं होतं. पाया आणि प्लिंथ झाले होते, आता तळमजल्याचे कॉलम, बीम आणि स्लॅबसाठी लोखंड उतरायचं होतं. चालकाने चलन पुढे केलं. त्यावर तीन ओळी होत्या: आठ एमएमची ३० बंडलं, बारा एमएमची २०, सोळा एमएमची १०. शेवटी एकूण वजन ३,०५८ किलो आणि सहीसाठी रिकामी जागा.

मी सही करणार एवढ्यात फिटरमामा म्हणाले, "ताई, थांबा जरा. हे वजन काट्यावरचं आहे का हिशोबाचं?"

मला प्रश्नच कळला नाही. वजन म्हणजे वजन. पण मामांचं म्हणणं असं, की लोखंडाला दोन वजनं असतात. एक काटा सांगतो आणि एक कागद सांगतो. कागदावरचं वजन कुणी उचलून पाहिलेलं नसतं. सळया मोजतात, लांबी धरतात आणि सूत्राने वजन काढतात. सूत्र बांधकामावरच्या प्रत्येकाला तोंडपाठ असतं: डी स्क्वेअर बाय वन सिक्स टू. सळईचा व्यास मिलिमीटरमध्ये घ्यायचा, त्याला त्यानेच गुणायचं आणि १६२ ने भागायचं. एका मीटरचं वजन किलोत मिळतं.

मामांनी बीमच्या फळीवर खडूने गणित करून दाखवलं. बारा बारे एकशे चव्वेचाळीस, भागिले १६२, म्हणजे ०.८८९. सळई १२ मीटरची, म्हणजे एक सळई साधारण १०.६७ किलोची. बारा एमएमच्या बंडलात पाच सळया असतात, आमची २० बंडलं, म्हणजे १०० सळया, १,०६७ किलो. आठ एमएमच्या बंडलात दहा, म्हणून ३०० सळया. चौसष्ट भागिले १६२ म्हणजे ०.३९५, ३,६०० मीटरचे १,४२२ किलो. सोळा एमएमच्या बंडलात तीन, म्हणून ३० सळया, ३६० मीटर, ५६९ किलो. बेरीज ३,०५८. चलनावरचा आकडा किलोला किलो जुळला.

"बघा," मामा म्हणाले, "इतकं बरोबर जुळतंय म्हणजे काट्यावर गेलेलंच नाही."

त्या वाक्यामुळे मी पुढचे पंधरा दिवस या साध्या सूत्राच्या मागे फिरले. गावच्या भुईकाट्यावर गेले, लोखंडाच्या दुकानदारांशी बोलले, आमच्या आरसीसी इंजिनिअरांच्या टेबलाशी तासन्‌तास बसले. माझं घर त्या सळयांवर उभं राहणार होतं, म्हणून मला हे नीट समजून घ्यायचं होतं.

आधी हा १६२ येतो कुठून ते पाहू, कारण आकडा कुठून आला हे कळलं की तो कुठे चालणार नाही हेही कळतं. इंजिनिअरांनी मला एक कल्पना करायला सांगितली. सळई इतकी बारीक, की तिचा आडवा छेद बरोबर एक चौरस मिलिमीटर. तिची लांबी एक मीटर, म्हणजे हजार मिलिमीटर. तिचं आकारमान हजार घन मिलिमीटर, म्हणजे बरोबर एक घन सेंटिमीटर. पोलाद एका घन सेंटिमीटरला ७.८५ ग्रॅम भरतं. तेव्हा एक मीटर लांबीत, छेदाच्या प्रत्येक चौरस मिलिमीटरमागे ७.८५ ग्रॅम. सळयांचं भारतीय मानक, आयएस १७८६, हाच आकडा धरतं.

आता सळईचा छेद चौकोनी नाही, गोल आहे. एखाद्या चौकोनात बरोबर बसणारं वर्तुळ काढलं, तर ते चौकोनाचा ०.७८५४ एवढा भाग व्यापतं. पायला चाराने भागलं की हाच आकडा येतो. म्हणून व्यासाचा वर्ग घ्यायचा, त्याला ०.७८५४ ने गुणायचं, मग ७.८५ ने. दोन्ही आकडे जवळजवळ सारखे दिसतात हा निव्वळ योगायोग आहे, एक भूमितीचा आणि एक धातूचा. त्यांचा गुणाकार ६.१६५. म्हणजे सळईचं मीटरमागे वजन ग्रॅममध्ये हवं असेल, तर व्यासाच्या वर्गाला ६.१६५ ने गुणायचं. किलोत हवं तर हजाराने भागायचं. हजाराला ६.१६५ ने भागलं की १६२.२ येतं. त्यातला दशांश कामावर कुणी धरत नाही. तो सोडल्याने आमच्या तीन टनांत जेमतेम पावणेचार किलोचा फरक पडतो.

हे कळल्यावर सूत्राच्या मर्यादा उघड्या होतात. १६२ हा पोलादाचा आकडा आहे. हल्ली काही ठिकाणी काचतंतूंच्या सळया वापरतात. त्यांचं वजन पोलादाच्या साधारण चौथ्या हिश्शाएवढं असतं, तिथे १६२ चालणार नाही. आणि सूत्रात व्यास मिलिमीटरमध्येच हवा. आमच्याकडे जुने लोक अजून सुतात बोलतात. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, सव्वातीन मिलिमीटरला थोडं कमी. तीन सुती म्हणजे दहा एमएम, चार सुती म्हणजे बारा, पाच सुती म्हणजे सोळा असं ते धरतात. नाव म्हणून ते ठीक आहे. पण चार सूत म्हणजे नेमके १२.७ मिलिमीटर. सूत्रात १२.७ घातले तर वजन बारा टक्के वाढीव येतं.

फुटांचीही तीच गत. मामांचा दुसरा पाठ असा होता: फुटाला वजन काढायचं तर १६२ ऐवजी ५३३ ने भागायचं. तेही जवळपास बरोबर आहे, मीटरमध्ये ३.२८ फूट असतात म्हणून. गडबड पुढे होते. सगळे सळईला "चाळीस फुटी" म्हणतात आणि चाळीसनेच गुणतात. बारा मीटर म्हणजे ३९ फूट ४ इंच. जवळजवळ आठ इंचांचा हा फरक आमच्या हिशोबात बारा एमएमला सुमारे १७ किलो आणि आठ एमएमला सुमारे २३ किलो एवढा वाढला असता. कुणी फसवत नसतानाही चाळीस किलो लोखंड कागदावर तयार होतं.

त्या दिवशी मी सही केली नाही. चालकाला विनंती केली आणि भरलेली गाडी भुईकाट्यावर नेली. माल उतरवल्यावर रिकामी गाडी पुन्हा नेली. काटापावतीवर निव्वळ वजन आलं २,८८० किलो. चलनापेक्षा १७८ किलो कमी, शेकडा सहाच्या जवळ.

दुकानदाराला फोन केला. ते चिडले नाहीत, उलट शांतपणे म्हणाले, "ताई, सळया मोजून घेतल्या ना? नग बरोबर आहेत ना? मग माल पूर्ण आहे. रोलिंगमध्ये थोडं कमी-जास्त चालतंच."

यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. नग खरोखर पूर्ण होते. रोलिंगमध्ये कमी-जास्त खरोखर चालतं, मानकातच तशी मुभा आहे. पण तीन खऱ्या वाक्यांतून मला १७८ किलो न मिळालेल्या लोखंडाचे पैसे द्यायला लागणार होते. किलोला साठ रुपये धरले तर दहा हजारांवर.

मी इंजिनिअरांकडे गेले. त्यांनी पहिल्यांदा काट्यावरच शंका घेतली, आणि ते योग्यच होतं. भुईकाटा ट्रक तोलायला असतो. तो पाच-पाच किंवा दहा-दहा किलोंच्या पायरीने आकडा दाखवतो. एका वेळी चालक केबिनमध्ये बसलेला आणि दुसऱ्या वेळी खाली उतरलेला असेल, तर सत्तर किलोंचा फरक एका माणसाचाच. मधे डिझेल भरलं असेल, मागे ताडपत्री किंवा रिकामे पिंप राहिलं असेल, तर तेही त्यात. आमचा चालक दोन्ही वेळा खाली होता, मी पाहिलं होतं. तरी ते म्हणाले, की गाडीभर मालाचा काटा फार तर "काहीतरी कमी आहे" एवढंच सांगेल. आठ कमी की बारा कमी, हे तो सांगणार नाही. त्यासाठी सळई कापावी लागेल.

"मग व्हर्नियरने व्यासच मोजू की," मी म्हणाले. माझ्या भावाकडे चांगला व्हर्नियर आहे.

ते हसले आणि त्यांनी टेबलाखालून बारा एमएमचा एक तुकडा काढून माझ्या हातात दिला. अंगावर तिरप्या कडा, दोन्ही बाजूंनी लांबट धार. "यात बारा कुठे आहेत ते दाखवा."

मी प्रयत्न केला. कडांवरून मोजलं तर बारापेक्षा जास्त, कडांच्या मधल्या खोलगट भागात मोजलं तर बारापेक्षा कमी. आणि नेमके बारा तर कुठेच नाहीत. मला हे फार महत्त्वाचं वाटलं, आणि गृहस्थ मंडळींपैकी फारच थोड्यांना ते माहीत असावं. सळईचा व्यास हा मोजायचा व्यास नाहीच. तो नाममात्र व्यास आहे. त्याची व्याख्या अशी: या सळईइतकंच मीटरमागे वजन असलेली गुळगुळीत गोल सळई बनवली, तर तिचा व्यास जेवढा येईल तेवढा. म्हणजे व्यासावरून वजन ठरतं असं आपण मानतो, पण कडा असलेल्या सळईत वजनावरूनच व्यास ठरतो. कडांमधलं लोखंड, गाभ्यातलं लोखंड, सगळं एका गोल छेदात वितळवून घेतल्यासारखं.

व्हर्नियर कडांवर लावून तेरा वाचले आणि ते सूत्रात घातले, तर वर्ग होतो १६९, वजन १.०४ किलो. खऱ्या ०.८८९ पेक्षा सतरा टक्के जास्त. व्यासात एकाच मिलिमीटरची चूक, पण वर्गामुळे ती दुपटीने वाढते. हा वर्ग दोन्ही बाजूंना काम करतो. सळई व्यासाने दोन टक्के बारीक असली तर वजनाने चार टक्के हलकी असते. डोळ्याला, बोटाला कधीच कळणार नाही एवढा हा फरक आहे. म्हणून व्हर्नियर ठेवून द्यायचा आणि तराजू काढायचा.

आम्ही कसं केलं ते सविस्तर सांगते, कारण कुणालाही करता येतं. प्रत्येक मापाच्या तीन सळया घेतल्या, तिन्ही वेगवेगळ्या बंडलांतल्या. प्रत्येकीच्या मधल्या भागातून एक मीटरचा तुकडा कापला. कापायला कामावरचा दाबून तोडणारा कटर वापरला नाही, कारण त्याने टोक चेपतं आणि तिरकं होतं, मग लांबी नेमकी कुठून धरायची हेच कळत नाही. चकतीच्या कटरने सरळ काप घेतला. पोलादी टेपने लांबी दोनदा मोजली. मानकाला अर्धा मीटर तुकडाही चालतो, पण अर्ध्या मीटरवर दोन मिलिमीटरची चूक झाली तर ती ०.४ टक्के होते, मीटरवर निम्मी. चिकटलेला चिखल आणि सुटा गंज तारेच्या ब्रशने काढला. मग घरातल्या एक ग्रॅम दाखवणाऱ्या तराजूवर तुकडे ठेवले. मीटरभर सळई छोट्या ताटलीवर आडवी ठेवायची तर ती दोन्ही बाजूंना टेकणार नाही याकडे लक्ष द्यावं लागतं. आम्ही ताटलीवर एक वाटी पालथी घालून तराजू शून्यावर आणला आणि सळई वाटीवर तोलली.

तिन्हींची सरासरी अशी आली. सोळा एमएम: १,५३० ग्रॅम, हवे होते १,५८०. बारा एमएम: ८४६ ग्रॅम, हवे ८८९. आठ एमएम: ३६५ ग्रॅम, हवे ३९५.

हे आकडे सळयांच्या एकूण लांबीला लावून पाहिले. ३,६०० मीटर गुणिले ०.३६५, अधिक १,२०० गुणिले ०.८४६, अधिक ३६० गुणिले १.५३. बेरीज आली २,८८०. भुईकाट्याचा आकडा तंतोतंत. त्या क्षणी मला जे वाटलं ते लिहिल्यावाचून राहवत नाही. स्वयंपाकघरातला तराजू आणि ट्रकचा काटा यांनी एकमेकांना ओळखही नसताना एकच साक्ष दिली होती.

आता प्रश्न, हा माल खोटा का? इथे मला माझा राग आवरावा लागला. आयएस १७८६ ने वजनात किती फरक चालेल ते सांगितलं आहे, आणि बारीक सळयांना जास्त सूट आहे. दहा एमएमपर्यंतच्या सळयांना संपूर्ण खेपेच्या सरासरीत सात टक्के कमी किंवा जास्त चालतं, आणि एखाद्या सुट्या नमुन्यात आठ टक्क्यांपर्यंत कमी चालतं. दहाच्या वर सोळापर्यंत खेपेला पाच आणि एका नमुन्याला सहा. सोळाच्या वर खेपेला तीन आणि नमुन्याला चार. कारणही समजण्यासारखं आहे. सळई लाल तापलेली असताना रोलरच्या खाचेतून ओढली जाते. बारीक सळईत खाचेचा थोडासा फरकही वजनावर जास्त दिसतो. शिवाय खाच झिजत जाते, मोठी होत जाते, आणि सळई हळूहळू जड होत जाते. म्हणून रोलर नवीन बसवताना कारखाने मुद्दाम हलक्या बाजूने सुरुवात करतात.

या मापाने आमची सोळा एमएम तीन टक्क्यांनी हलकी, बिनतक्रार पास. बारा एमएम ४.८ टक्क्यांनी हलकी, काठावर पण पास. आठ एमएम ७.६ टक्क्यांनी हलकी. एकच तुकडा असता तर आठाच्या आत म्हणून पास झाला असता. पण तीन वेगळ्या बंडलांतले तीन तुकडे मिळून सरासरी ७.६ येते आणि वर ट्रकचं वजनही तेच सांगतं, म्हणजे ही खेपेची सरासरी. खेपेला मर्यादा सात. आठ एमएम नापास.

सूत्र उलटं फिरवलं तर हे आणखी ठसतं. मीटरमागच्या वजनाला १६२ ने गुणायचं आणि वर्गमूळ काढायचं. ३६५ ग्रॅमची सळई म्हणजे ७.६९ एमएमची सळई. तिच्या अंगावर आठ छापलेलं असतं, पण ती आठ नव्हती.

इंजिनिअरांनी मग ड्रॉइंग उघडलं. स्लॅबमध्ये आठ एमएमच्या सळया १५० मिलिमीटर अंतरावर होत्या. त्यांनी गणित करताना वजन कुठेच धरलेलं नव्हतं. त्यांनी धरला होता छेद: आठ एमएमचा ५०.३ चौरस मिलिमीटर. पण छेद आणि मीटरमागचं वजन ही एकाच गोष्टीची दोन नावं आहेत, मधे फक्त ७.८५ उभा आहे. वजन ७.६ टक्क्यांनी घटलं म्हणजे ओढ घेणारं पोलाद तेवढंच घटलं. पोलादाच्या ताकदीत कमी-जास्त होईल म्हणून संकल्पनात १.१५ चा सुरक्षा गुणक असतो. हलक्या सळईने तो १.०६ वर येतो. स्लॅब पडणार नाही, ते म्हणाले. पण कुणाच्या तरी चुकीसाठी, न भरलेल्या काँक्रीटसाठी, एखाद्या वाकड्या सळईसाठी जी जागा राखून ठेवली होती, तिच्यातली निम्म्याहून जास्त खरेदीच्या वेळीच खर्च झाली.

त्यांनी दोन मार्ग दिले. एक, सळया ठेवा आणि अंतर कमी करा: १५० ला ०.९२४ ने गुणलं की १३८, मग १३५ वर बांधा. दोन, आठ एमएम परत करा. मी दुसरा निवडला. दुकानदारांनी थोडी कुरकूर करून माल बदलून दिला. दुसऱ्या कारखान्याचा आला, मीटरला ३८९ ग्रॅम, दीड टक्का कमी. बारा आणि सोळा ठेवले, मात्र बिल काटापावतीच्या वजनावर करून घेतलं.

इथे मला एक गोष्ट स्पष्ट करायची आहे, कारण बरेच जण इथे गोंधळतात आणि मीही गोंधळले होते. हलकी सळई म्हणजे नेहमी फसवणूक असं नाही. तोटा कुणाचा, हे माल कसा विकला यावर आहे. काट्यावर तोलून घेतला तर हलक्या सळईत पैशाचा तोटा नाही. उलट बारा एमएम नियमाप्रमाणे टनाला १,१२५ मीटर येते, पाच टक्के हलकी असेल तर १,१८४ मीटर, म्हणजे जवळजवळ पाच सळया जास्त. काही विक्रेते हे गुण म्हणून सांगतात: आमचा माल घ्या, टनाला जास्त नग पडतात. जो मालक सळया मोजून ड्रॉइंगप्रमाणे लावतो, त्याचं लोखंडाचं बिल खरंच कमी येतं. फक्त त्याच्या घरातही तेवढंच कमी लोखंड जातं. आणि नगावर, हिशोबाच्या वजनाने घेतला, तर पैसेही जास्त आणि लोखंडही कमी.

ठेकेदाराचं गणित तिसरं. तो काट्यावर वजन करून विकत घेतो आणि मालकाकडून ड्रॉइंगमधली लांबी गुणिले सूत्राचं वजन असे पैसे घेतो. मधला फरक त्याच्या खिशात राहतो. याला धंद्यात रोलिंग मार्जिन म्हणतात आणि अनुभवी ठेकेदार दर देताना ते धरतात. सळया जड आल्या तर हाच माणूस तोट्यात जातो, म्हणून त्याला लबाड म्हणणं सोपं असलं तरी बरोबर नाही. माझं मत एवढंच, की करारात हे एका ओळीत लिहिलेलं असावं: सळया सूत्रापेक्षा हलक्या निघाल्या तर पैसे प्रत्यक्ष वजनावर. ही ओळ घातली की हलका माल शोधण्याचं कारणच उरत नाही.

पैशाचं झालं. पण या सूत्राचा मला सर्वांत मोठा उपयोग झाला तो पुढच्या आठवड्यात, आणि तिथे १६२ ची गरजही पडली नाही.

एका बीमच्या खाली चार बारा एमएम हव्या होत्या. बारा एमएम संपल्या. फिटरमामांच्या हाताखालचा पोरगा मला म्हणाला, "ताई, दहाच्या पाच टाकतो, एक जास्तच होतेय." ऐकायला बरोबर वाटतं. चारच्या जागी पाच. पण मला आता वर्गाची सवय लागली होती. बारा बारे १४४, चौक ५७६. दहा दाहे शंभर, पंचे पाचशे. एक सळई जास्त टाकूनही पोलाद तेरा टक्के कमी. सहा टाकल्या असत्या तर ६०० होऊन भागलं असतं, पण सहा सळया त्या रुंदीत बसवल्या तर मधून खडी जाणार नाही. इंजिनिअरांना फोन करून विचारलं, त्यांनी बारा एमएमच मागवायला सांगितलं.

अशी तुलना करायला भागाकार लागत नाही, कारण दोन्हीकडे १६२ च आहे आणि तो कटतो. नुसते वर्ग मोजायचे. एक सोळा एमएम म्हणजे दोन आठ नव्हे, चार आठ. एक वीस म्हणजे चार दहा. दोन बारा म्हणजे २८८, एका सोळापेक्षा थोडं जास्त. बदली सळई टाकायची वेळ आली की आपला डोळा व्यास पाहतो आणि मन संख्या मोजतं, पण भार पेलतो तो वर्ग. अर्थात वर्ग जुळले म्हणून बदल योग्यच असं नाही. सळयांमधलं अंतर, रिंगांचा आकार, सळई टोकाला किती लांब न्यायची, हे सगळं बदलतं. म्हणून वर्ग जुळत नसेल तर "नाही" आपण म्हणू शकतो. जुळत असेल तर "हो" इंजिनिअरच म्हणतील.

मामांना मी शेवटी विचारलं, हे सूत्र तुम्हाला कुणी शिकवलं. ते म्हणाले, त्यांच्या उस्तादाने, चाळीस वर्षांपूर्वी, जेव्हा पिळाच्या सळया यायच्या आणि सगळे त्यांना टॉर म्हणायचे. तेव्हाच्या मानकाचं नावही आयएस १७८६ च होतं. ते १९६६ मध्ये पहिल्यांदा आलं आणि २००८ ची आवृत्ती आज चालते. पीळ गेला, त्याच्या जागी पाण्याने झटकन थंड केलेल्या टीएमटी सळया आल्या, ताकद वाढली, फे ५०० आणि फे ५५० असे दर्जे आले. ताकदीचे आकडे बदलले, पण ७.८५ बदलला नाही, म्हणून १६२ ही बदलला नाही. हेही लक्षात ठेवायला हवं: सूत्र वजन सांगतं, दर्जा सांगत नाही. वजनाने पूर्ण भरलेली सळई ताकदीने कच्ची असू शकते. त्यासाठी कारखान्याचा चाचणी दाखला मागायचा आणि बंडलाला लावलेल्या पत्र्यावरचा बॅच नंबर त्या दाखल्यावरच्या नंबराशी जुळतो का पाहायचं. त्या दाखल्यात मीटरमागचं वजनही लिहिलेलं असतं. आमच्या पहिल्या खेपेच्या दाखल्यावर आठ एमएमला ३८४ ग्रॅम लिहिलं होतं. पत्र्यावरचा नंबर मात्र वेगळा होता.

घर बांधायला काढलेल्या वाचकांना माझी विनंती आहे. गाडी आली की चलनावर सही करण्याआधी विचारा, वजन काट्यावरचं आहे का हिशोबाचं. मग कुठलंही बंडल सोडण्याआधी प्रत्येक मापाचे तीन तुकडे मीटरभर कापून घरच्या तराजूवर ठेवा. आमच्या साइटच्या भिंतीवर खडूने लिहिलेले आकडे अजून आहेत, ते इथे देते: आठला ३९५ ग्रॅम, दहाला ६१७, बाराला ८८९, सोळाला १,५८०, वीसला २,४७०. कापलेले तुकडे वाया जात नाहीत, आमचे नऊच्या नऊ जिन्याच्या पायऱ्यांत गेले.